चार इंची, पाच फुटी कठडा: मिस्त्री म्हणतो तसा घ्यावा का?

प्रश्न: आमचं गाव दिग्रस तालुक्यात आहे. 40 बाय 30 चं घर, मागच्या महिन्यात स्लॅब टाकला. मिस्त्री म्हणतो गच्चीला चार इंची कठडा घेऊ, पाच फूट. शेजारच्यांची नजर पडणार नाही, पुढंमागं टिनाचं शेड टाकायलाही बरं. लोखंडाची गरज नाही म्हणतो. पण गेल्या मे महिन्याच्या वादळात गल्लीतल्या एकाचा असाच कठडा आख्खाच्या आख्खा आडवा झाला. किती उंच घ्यावा? लोखंड टाकायचं तर कुठं आणि किती?

उत्तर:

भाऊ, साडेतीन फूट घ्या. त्याच्या वर जायचंच असेल तर चार फुटांवर थांबा. राष्ट्रीय बांधकाम संहितेत गच्चीच्या कठड्याची उंची कमीत कमी 1 मीटर आणि जास्तीत जास्त 1.2 मीटर दिली आहे, म्हणजे सव्वातीन ते चार फूट. मोठ्या माणसाचा तोल कठड्यावरून पलीकडे जाऊ नये एवढी ही उंची आहे. त्याहून वर चढवलेल्या विटा माणसाला काही वाचवत नाहीत, वारा मात्र अडवतात. आणि ही उंची आजच्या उघड्या स्लॅबपासून मोजायची नाही. कोबा आणि फरशी झाली की गच्ची तीन-चार इंच वर येते, तेव्हा कच्च्या स्लॅबपासून, कठड्याच्या माथ्यावरच्या काँक्रीटच्या पट्ट्यासकट, म्हणजे कोपिंगसकट, पावणेचार फूट धरा. हे विसरल्यामुळं साडेतीनचा कठडा शेवटी कंबरेइतकाच उरलेला मी कित्येक घरी पाहिला आहे.

आता गल्लीतला तो कठडा आख्खाच्या आख्खा का पडला, ते सांगतो. कारण त्यातच तुमच्या लोखंडाचं उत्तर आहे.

मी या धंद्यात नवा असताना पुसदकडच्या एका गावात असंच घर बांधलं होतं. चार इंची, साडेचार फुटी कठडा, बिनलोखंडाचा. मिस्त्री म्हणाला, "साहेब, वर काय वजन येते? कायले लोखंड घालता?" मलाही ते पटलं. दुसऱ्या उन्हाळ्यात संध्याकाळचं वादळ आलं आणि पूर्वेकडचा बावीस-तेवीस फुटांचा तुकडा खाली गोठ्यावर गेला. गुरं रानातून परतायची होती म्हणून वाचली. सकाळी मी जाऊन पाहिलं तर कठडा पालथा पडलेला होता, छपाई अजून शाबूत, विटा एकमेकींना धरून. फुटलं असं काहीच नव्हतं. त्याच्या बुडाकडं वाकून पाहिलं तर तळाच्या थराला लागलेला मसाला आरशासारखा गुळगुळीत, आणि त्यावर स्लॅबवर फिरवलेल्या रंध्याच्या रेघा उलट्या उमटलेल्या. वर गच्चीवर गेलो, तर कठडा होता तिथं स्लॅब तसाच स्वच्छ, मसाल्याचा कणही चिकटलेला नाही. भिंत मोडली नव्हतीच. ती स्लॅबला कधी चिकटलेलीच नव्हती, नुसती ठेवलेली होती.

कठडा बहुतेक वेळा असाच जातो. त्याची कमजोर जागा विटेत नसते, तर पहिल्या थराखालच्या अर्ध्या इंचाच्या सांध्यात असते. खालच्या मजल्यावरच्या भिंतीला वरून स्लॅब दाबून धरतो, दोन्ही बाजूंनी आडव्या भिंती येऊन मिळतात. कठड्याला वरून काहीच दाबत नाही. तो जमिनीत रोवलेल्या खांबासारखा एकाच टोकाला धरलेला असतो आणि ते टोक म्हणजे तो सांधा.

आपल्याकडं तो सांधा उन्हानंच तुटतो, वाऱ्याची वाटही पाहत नाही. मे महिन्यात दुपारी उघड्या स्लॅबवर अनवाणी पाय ठेवून पाहा. पहाटेचा स्लॅब आणि दुपारचा स्लॅब यांच्या वरच्या पृष्ठभागात तीस अंशांचा फरक सहज पडतो. तुमच्या चाळीस फुटी लांबीत एवढ्यानं काँक्रीट तीन-चार मिलिमीटर वाढतं आणि रात्री पुन्हा आखडतं. भाजलेल्या विटेचं काम त्याच्या साधारण निम्मंच वाढतं. म्हणजे रोज स्लॅब कठड्याच्या पायाखालून थोडासा सरकतो आणि परत येतो. एकदोन उन्हाळ्यांत स्लॅबच्या पातळीवर केसाएवढी आडवी भेग बाहेरच्या छपाईतून दिसू लागते. पावसाळ्यात तिथून ओल उतरते, लोक वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावतात, तो वरून रंग मारून जातो. खरं म्हणजे ती भेग सांगत असते की कठडा आता फक्त स्वतःच्या वजनावर उभा आहे.

नुसत्या वजनावर किती टिकतो, हा हिशेब कागदावर करता येतो. कठड्याचा एक फूट लांबीचा तुकडा घ्या. दोन्ही बाजूंच्या छपाईसकट चार इंची भिंत साधारण पावणेसहा इंच जाड होते. पाच फूट उंचीच्या अशा तुकड्याचं वजन 130 किलोच्या आसपास भरतं. हा तुकडा उलटायचा तर तो बाहेरच्या खालच्या कोरेवर फिरतो आणि त्याचं वजन जाडीच्या निम्म्यावरून, म्हणजे पावणेतीन-तीन इंचांवरून त्याला धरून ठेवतं. फुटात मांडलं तर 130 गुणिले पाव फुटाहून किंचित कमी, म्हणजे 31. ही धरून ठेवणारी ताकद.

आता वारा. ताशी 100 किलोमीटरचा झोत चौरस मीटरला साधारण 47 किलो दाब देतो. कठड्याला समोरून ढकल बसते आणि पाठीमागं ओढही लागते, म्हणून 60 च्या घरात धरू. आपल्या एक फुटी तुकड्यावर तो 28 किलो होतो आणि त्याचा जोर उंचीच्या मध्यावर, अडीच फुटांवर लागतो. 28 गुणिले अडीच, 70. धरणारे 31, उलटवणारे 70. सांधा तुटलेला असला तर पाच फुटी चार इंची कठडा या झोताला उभा राहूच शकत नाही.

साडेतीन फुटाला हेच करून पाहा. धरणारे 22, उलटवणारे 34. अजूनही पडतो. दोन फुटाला आलं की दोन्ही बाजू 12 आणि 11, म्हणजे जेमतेम बरोबरी. उंची दुप्पट केली की वजन दुप्पट होतं, पण वाऱ्याचा उलटवण्याचा जोर चौपट होतो, कारण क्षेत्रही दुप्पट आणि जोर लागण्याची उंचीही दुप्पट. मिस्त्रीच्या "अजून दीड फूट काय मोठं" या बोलण्यात हे चौपटीचं गणित नसतं.

आणि 100 हा काही मोठा आकडा नाही. वाऱ्याच्या भारतीय मानकात, आयएस 875 च्या तिसऱ्या भागात, नागपूरसाठी मूळ वेग सेकंदाला 44 मीटर दिला आहे. तो ताशी 158 किलोमीटर होतो. एवढा झोत तीन सेकंदच येतो आणि पन्नास वर्षांच्या हिशेबानं धरलेला आहे, रोजचा नाही. पण दाब वेगाच्या वर्गानं वाढतो, त्यामुळं 100 च्या ऐवजी 158 धरला की वरचे सगळे वाऱ्याचे आकडे अडीचपट होतात. विटांच्या कामाच्या मानकात, आयएस 1905 मध्ये, मोकळ्या उभ्या भिंतींसाठी एक तक्ता आहे. वाऱ्याचा दाब चौरस मीटरला 1150 न्यूटनपर्यंत असेल, म्हणजे साधारण नागपूरच्या वेगाइतका, तर भिंतीची उंची जाडीच्या चौपटीत ठेवा असं तो सांगतो. चार इंची विटेला हे सव्वा-दीड फूट होतं, नऊ इंचीला तीन फूट.

पश्चिमेकडून वादळ येतं तेव्हा पश्चिमेचा कठडा आत, गच्चीवर पडायला बघतो आणि पूर्वेचा बाहेर. खाली गोठा, अंगण, रस्ता कोणत्या बाजूला आहे ते पाहून ठेवा. माझ्या त्या घरी पूर्वेला गोठा होता.

भूकंपाचं थोडक्यात सांगतो, कारण आपल्या भागात पहिला वैरी वारा आहे. भूकंपाच्या भारतीय मानकाच्या, आयएस 1893 च्या, 2016 च्या आवृत्तीत नागपूर झोन दोनमध्ये आहे, म्हणजे सौम्य पट्ट्यात. पण 1993 चा किल्लारीचा भूकंप आपल्यापासून फार लांब झाला नव्हता, आणि 21 मार्च 2024 ला सकाळी हिंगोलीकडून आलेला 4.5 तीव्रतेचा हादरा यवतमाळ जिल्ह्यातल्या लोकांनी अंगावर अनुभवला आहे. घर हलतं तेव्हा जमिनीपेक्षा गच्ची जास्त हलते आणि गच्चीच्या टोकावरचा कठडा त्याहून जास्त, आसुडाच्या टोकासारखा. म्हणूनच हे मानक गच्चीवरच्या कठड्याला, टाकीला, धुराड्याला घराच्या पाचपट आडव्या जोराचा हिशेब करायला सांगतं. तुमच्यासारख्या साध्या काँक्रीट फ्रेमच्या घराला झोन दोनमध्ये हा जोर वजनाच्या साधारण चार टक्के येतो, म्हणजे कठड्याला वीस टक्के. आणि सुट्या भिंतीला उलटायला जाडी भागिले उंची एवढाच अंश पुरतो. पावणेसहा इंच भागिले साठ इंच, म्हणजे दहा टक्केही नाही. मात्र हादरा हा इकडून तिकडे जाणारा क्षणिक धक्का असतो. छोट्या हादऱ्यात कठडा डोलतो आणि पुन्हा बसतो, लगेच पडेलच असं नाही. पडत नाही म्हणून लोक निर्धास्त होतात. तेवढ्यात बुडाचा सांधा सगळीकडून सुटलेला असतो, कोपऱ्यात उभी भेग गेलेली असते, आणि पुढच्या मे महिन्यात वारा उरलेलं काम करतो.

मग नऊ इंची घेतला तर? साडेतीन फुटी नऊ इंची कठडा 100 च्या झोताला आरामात उभा राहतो: धरणारे 70, उलटवणारे 34. पण 158 ला उलटवणारे 86 होतात आणि नुसत्या वजनावर तोही कमी पडतो. शिवाय विटा दुप्पट, आणि तुमच्या बीमवर वजनही पावणेदोनपट. मी पंधरा-वीस वर्षांत नुसत्या जाडीच्या भरवशावर कठडा उभा केलेला नाही. चार इंचीच घ्या, पण त्याला खांब आणि वरून पट्टा द्या. त्यानं भिंतीचा आधार बुडाच्या सांध्यावरून निघून लोखंडावर जातो.

तुमचं घर धरून सांगतो. 40 बाय 30 ला बहुतेक लांबीत चार आणि रुंदीत तीन कॉलम असतील, म्हणजे कडेनं फिरलं तर दहा. त्यांच्या सळाख्या वर दीड-दोन फूट काढून ठेवलेल्या असतीलच. या दहा जागी खांब आयते आहेत. पण त्यांच्यामध्ये तेरा-पंधरा फुटांचं अंतर पडतं आणि एवढ्या अंतरात चार इंची भिंत वाऱ्यानं पोटातून फुगते. म्हणून प्रत्येक दोन कॉलमच्या मध्ये एक नवा खांब द्या. मग अंतर पावणेसात ते साडेसात फूट होईल. एकूण वीस खांब, दहा जुन्या सळाख्यांवर आणि दहा नवे.

खांब नऊ बाय नऊ इंचाचा करा. भिंत बाहेरच्या अंगानं सरळ जाईल आणि खांब आतल्या बाजूला, गच्चीकडं, पाच इंच पुढं येईल. काही जण दिसायला बरं म्हणून खांबही चार इंची करतात, पण त्यात सळाख्या एकमेकींच्या इतक्या जवळ येतात की वाऱ्याच्या दिशेनं त्यांना जोर धरता येत नाही. नऊ इंचात चार कोपऱ्यांना 10 एमएमच्या चार सळाख्या आणि दर सहा इंचांवर रिंग, एवढं या उंचीला भरपूर आहे.

नव्या दहा खांबांच्या सळाख्या बीममध्ये बसवायच्या, आणि या कामावर तुम्ही स्वतः उभं राहा. ड्रिलनं 14 एमएमचं भोक, निदान सहा इंच खोल. स्लॅब पाच इंचाचाच असतो, त्यामुळं भोक बीमच्या अंगावरच आलं पाहिजे आणि बीमच्या बाहेरच्या कोरेपासून दोन इंच आत, नाहीतर कड उडते. मध्ये बीमची सळाख लागली तर भोक इंचभर सरकवा, सळाख कापू देऊ नका. भोक पाडल्यावर आतली भुकटी ब्रशनं घासून, फुंकणीनं पूर्ण बाहेर काढायची, मग सळाखीचं केमिकल आतून वर भरत आणायचं आणि सळाख फिरवत फिरवत घालायची. भुकटी राहिली तर केमिकल काँक्रीटला न चिकटता भुकटीलाच चिकटतं आणि सळाख दुसऱ्या दिवशी हातानं निघते. मी दुसऱ्या दिवशी प्रत्येक सळाख पान्यानं पिळून पाहतो. जी फिरते ती पुन्हा करायला लावतो. सिमेंटचा घोळ ओतून सळाख उभी करणाऱ्या मिस्त्रीला मात्र सरळ थांबवा.

कॉलमच्या जुन्या सळाख्यांवर गंज चढला असेल तर तारेच्या ब्रशनं घासा. पुढं वर मजला चढवायचा विचार असेल तर या सळाख्या कठड्यासाठी कापू नका, वाकवूही नका. कठड्याचा खांब त्यांच्याभोवतीच भरा आणि कठड्याच्या चार सळाख्या त्यांच्या शेजारी बांधा. मजला चढवताना तेवढा खांब फोडून मूळ सळाख्या पुन्हा उघड्या करता येतात.

विटा लावण्याआधी स्लॅबवर भिंतीच्या जागी छिन्नीनं टाचे मारा, धुवा, सिमेंटचं पाणी फासा. त्यावर चार इंच उंचीची काँक्रीटची पट्टी सगळीकडून फिरवली तर अतिउत्तम, कारण पावसाचं पाणी मग विटेपर्यंत पोचत नाही. विटा आधी पाण्यात चांगल्या भिजवून घ्या. मसाला एकास पाच, आणि रेतीचा. आजकाल रेती महाग म्हणून नुसत्या चुरीत काम उरकतात. चुरीत धूळ जास्त असली की मसाला वाळल्यावर खिळ्यानं उकरला तरी भुगा होतो. चुरीच वापरायची तर धुऊन चाळलेली घ्या.

खांबाच्या जागी विटांना दाते ठेवून आधी भिंत उभी करायची, मग त्या दातांमध्ये खांबाचं काँक्रीट भरायचं. भिंत आणि खांब त्यानं एकमेकांत गुंततात. पण भिंत उभी करून खांब आठवडाभर तसेच ठेवू नका. मसाला कच्चा, खांब रिकामा, आणि संध्याकाळी चार वाजता आभाळ भरून येतं. ताजी हिरवी भिंत वीस-पंचवीस फूट सरळ झोपलेली मी पाहिली आहे, तीही साध्या वाऱ्यानं. आज दोन खांबांमधली भिंत झाली की उद्या ते खांब भरून टाका.

सगळ्यात वर तीन इंच जाडीचं काँक्रीटचं कोपिंग, त्यात 8 एमएमच्या दोन सळाख्या, एक आतल्या आणि एक बाहेरच्या अंगाला. त्यांना जोडायला दर नऊ-दहा इंचांवर 6 एमएमचा तुकडा. या सळाख्या प्रत्येक खांबातून आरपार गेल्या पाहिजेत, जोड आला तर सोळा इंच एकमेकींवर चढवायच्या, आणि कोपऱ्यात वळवून पुढच्या बाजूला दीड फूट न्यायच्या. बहुतेक ठिकाणी कोपिंग नुसतं छपाईचं जाड टोपण असतं, दिसायला सारखंच. लोखंड असलेलं कोपिंग दोन खांबांमधल्या भिंतीला वरून पकडतं. मग भिंत तळाला एकटी उभी न राहता खाली स्लॅब, वर पट्टा आणि दोन्ही बाजूंना खांब अशी चौकटीत बसते. 158 च्या वाऱ्याचा हिशेब मी या मापांवर केला आहे आणि चार इंची भिंत त्यात बसते. कोपिंगचा उतार आत गच्चीकडं द्या.

खांब, रिंगा आणि कोपिंग मिळून लोखंड सव्वाशे ते दीडशे किलोच्या दरम्यान जाईल. तिकडं पाच फुटाचे साडेतीन फूट केल्यानं 140 फुटांच्या फेरीत जवळपास हजारभर विटा वाचतात, दोन्ही बाजूंची छपाईही. मिस्त्रीशी बोलताना हा आकडा समोर ठेवा. तराई किमान सात दिवस, पोतं गुंडाळून. उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण असते हे मला कळतं, पण खांब आणि कोपिंग एवढं तरी ओलं ठेवा.

स्लॅब बीमच्या बाहेर छज्जासारखा दोन-अडीच फूट काढला आहे का, ते बघा. असेल तर कठडा छज्जाच्या टोकावर न घेता बीमच्या रेषेवर घ्या. टोकावर खांबाच्या सळाख्या धरायला पाच इंची स्लॅबच मिळतो, आणि साडेतीन फुटी कठड्याचंसुद्धा फुटाला नव्वद किलो वजन छज्जाच्या टोकाला लटकतं. त्यात छज्जाचं लोखंड टाकताना पायाखाली दबून खाली गेलेलं असलं, तर कठड्याआधी छज्जाच खाली येईल.

शेडचं म्हणाल तर, त्याचे पाईप कठड्यात अजिबात गाडू नका. वीस बाय पंधराच्या टिनाखाली वारा शिरला की 100 च्या झोताला वर उचलणारा जोर एक टनाच्या पुढं जातो. तो जोर कठड्यातल्या पाईपवर आला की शेड कठड्यासकट निघतं. पाईपला खाली प्लेट वेल्ड करून ती कॉलमच्या डोक्यावर बोल्टनं बसवा. आज शेड करायचं नसलं तरी पाईप कुठं येणार ते ठरवून ठेवा, म्हणजे कठडा झाल्यावर फोडाफोडी नको.

राहिला नजरेचा प्रश्न. घरच्या बायका वर पापड-कुरडया वाळवतात, उन्हाळ्यात सगळे वर झोपतात, आडोसा हवा हे खरं आहे. जिथं नजर पडते तेवढ्या बाजूला, दोन खांबांमध्ये कोपिंगच्या वर दीड फुटाचा पाईपचा सांगाडा बसवा आणि वर झोपायच्या दिवसांत त्यावर चादर किंवा साडी बांधा. वादळ दिसलं की सोडता येते. हिरवी नेट कायमची ताणून बांधू नका, ती भिंतीइतका नसला तरी बराच वारा धरते. आणि दुकानात मिळणाऱ्या सिमेंटच्या जाळ्या एकीवर एक रचून उंची वाढवू नका. त्यांच्यात लोखंड नसतं, जोड बोटभर मसाल्याचा असतो, आणि आधी त्याच सुटतात.

गल्लीतल्या ज्यांचे कठडे अजून उभे आहेत, त्यांना हॅक्सॉचं जुनं पातं घेऊन वर जायला सांगा. आतल्या बाजूनं गच्ची आणि कठडा मिळतात तिथं आणि बाहेरून स्लॅबच्या पातळीवर आडवी भेग शोधायची आणि पातं आत सारायचं. दोन इंच आत गेलं तर कठडा सुटा आहे असं समजा. मग ओळंबा सोडून पाहा. साडेतीन फुटात अर्ध्या इंचाहून जास्त कलला असेल, किंवा कोपऱ्यात उभी भेग वर रुंद आणि खाली बारीक होत गेली असेल, तर त्या बाजूखाली गुरं बांधणं आणि पोरांना खेळू देणं त्याच दिवशी बंद करा. हात लावून ढकलून पाहू नका, कठडा आणि माणूस दोन्ही जातील. असा कठडा दुरुस्त करण्यापेक्षा वरून थर काढत दोन फुटांवर आणावा आणि वर दीड-पावणेदोन फुटाचं पाईपचं रेलिंग बीमला प्लेट मारून बसवावं. पाईपमधून वारा निघून जातो. थर काढताना कामगार गच्चीच्या आतल्या बाजूनंच उभे राहतील, आणि कपडे वाळवायची तार, डिशची छत्री, मांडवाची दोरी त्याआधी सोडलेली असेल, एवढं बघा.